क्लॅम्प मीटरवर १० अँपिअर, मग तासाला २.३ युनिट का पडत नाहीत?

सिंगल फेज मोटारीवर गिरणी चालवणारे आमचे बरेच ग्राहक हा प्रश्न विचारतात. वायरीला क्लॅम्प मीटर लावला की १० अँपिअर दिसतात, व्होल्टेज २३० असतं. गुणाकार येतो २३००. पण तासाभरात विजेचा मीटर १.३८ युनिटच पुढे सरकतो. मीटर बिघडलेला नाही.

आपल्याकडे विजेची एक लहर २० मिलिसेकंदांत पूर्ण होते. मोटारीत करंट व्होल्टेजच्या थोडा मागून येतो. या गिरणीत सुमारे ३ मिलिसेकंद, म्हणजे ५३ अंश. त्यामुळे लहरीच्या प्रत्येक अर्ध्या भागात जवळपास ३ मिलिसेकंद असे येतात की व्होल्टेज एका दिशेला आणि करंट उलट दिशेला. तेवढ्या वेळात मोटार वीज घेत नाही, आपल्या चुंबकीय क्षेत्रात साठलेली वीज लाइनला परत देते.

क्षणाक्षणाची पॉवर काढली तर ती ३६८० वॅटपर्यंत चढते आणि शून्याच्या खाली उणे ९२० वॅटपर्यंत उतरते. एका लहरीत असं दोनदा होतं. हा चढउतार ज्या पातळीच्या वरखाली सारखाच होतो, ती पातळी म्हणजे सरासरी पॉवर: ३६८० आणि उणे ९२० यांच्या बरोबर मधली, १३८० वॅट. सूत्रानेही तेच येतं:

P = V × I × cos φ

२३० × १० × ०.६ = १३८०. इथे φ म्हणजे तो ५३ अंशांचा फरक आणि cos φ म्हणजे पॉवर फॅक्टर. V आणि I म्हणजे मीटरवर दिसणारे आरएमएस आकडे, लहरीचे शिखर नव्हे.

पण वायरीतून १० अँपिअर खरोखरच वाहतात, आणि वायर तेवढी तापतेच. मोटारीला समांतर सुमारे ८३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, तर पॉवर फॅक्टर ०.९५ होतो आणि लाइनचा करंट ६.३ अँपिअरवर येतो. वायरीतली उष्णता साधारण चाळीस टक्क्यांवर येते. हा कपॅसिटर मोटार सुरू करण्यासाठी असतो तो नव्हे. हा मोटारीच्या स्विचनंतरच जोडायचा, नाहीतर मोटार बंद असतानाही करंट ओढत राहतो.

एक गोष्ट आम्ही आधीच सांगतो. बिल फक्त युनिटवर असेल, तर कपॅसिटरने ते फारसं उतरत नाही. मोटारीचे १३८० वॅट तसेच राहतात, वाचतं ते वायरीतलं थोडंसं. म्हणूनच घरच्या सॉकेटमध्ये खोचायची ‘बिल निम्मं करणारी’ डबी आम्ही विकत नाही. केव्हीएएचवर किंवा केव्हीए डिमांडवर, म्हणजे पॉवर फॅक्टर न धरता नुसत्या व्होल्ट × अँपिअरच्या हिशेबाने बिल येत असेल, तर मात्र फरक बिलातच दिसतो.

आणि मोटार तिचा वेग कमीजास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हवर चालत असेल, तर करंटची लहर सरळ साइनसारखी राहत नाही. तिथे फक्त cos φ वरून हिशेब चुकतो, म्हणून अशा ठिकाणी आम्ही पॉवर ॲनालायझर लावून मोजतो आणि मगच कपॅसिटरबद्दल बोलतो.