रिवाइंडरचा ताण: फील्ड करंटपासून टॉर्क मोडपर्यंत

शाफ्ट फिरवून वेब, म्हणजे धावता कागद किंवा फिल्म, गुंडाळणाऱ्या सेंटर रिवाइंडरवर लोडसेल आणि डान्सर नसतील, तर ताण कुठेच मोजला जात नाही. ड्राइव्ह रोलचा व्यास हिशेबाने काढतो, हव्या त्या ताणाला त्रिज्येने गुणतो आणि तेवढा टॉर्क मोटरकडून घेतो. आज अनेक व्हेक्टर ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये ही सोय तयार मिळते, त्यामुळे ती नवी वाटते. प्रत्यक्षात कल्पना डीसी मोटरच्या काळातली आहे, आणि आजच्या पॅरामीटर यादीतल्या बऱ्याच गोष्टींची मुळं तिथे आहेत.

घर्षण क्लच आणि हाताने पिळायचे ब्रेक यांच्या नंतर मोठ्या कागद आणि स्टील लाइनवर डीसी मोटर आली. तिथे व्यास काढायची गरजच नव्हती. वेबचा वेग कायम असेल तर ताण गुणिले वेग ही पॉवर रोल कोअरवर असो वा भरलेला, सारखीच राहते. मोटरची पॉवर म्हणजे बॅक ईएमएफ गुणिले आर्मेचर करंट. बॅक ईएमएफ लाइनच्या वेगाच्या प्रमाणात ठेवला, तर आर्मेचर करंट थेट ताणाच्या प्रमाणात येतो. बॅक ईएमएफ तसा ठेवण्यासाठी फील्ड बदलत राहायचं: कोअरवर कमकुवत, भरलेल्या रोलवर पूर्ण. म्हणजे फील्डचा फ्लक्स हाच व्यास होता. फील्डमध्ये मोटरने फिरणारा रिओस्टॅट असेल, तर लाइन थांबल्यावर तो होता तिथेच राहायचा, आणि व्यास आपोआप लक्षात राहायचा.

या पद्धतीची मर्यादाही फील्डमध्येच होती. फील्ड साधारण चारास एकपेक्षा जास्त कमकुवत केलं की कम्युटेशन बिघडतं. म्हणून रोलचा बिल्ड-अप, म्हणजे भरलेला व्यास भागिले कोअर, चारच्या पुढे गेला की हे गणित अपुरं पडायचं. १९६० च्या दशकात थायरिस्टर ड्राइव्ह आले आणि पुढे व्यासाचा हिशेब फील्डमधून बाहेर काढून ऑप-अँपच्या भागाकार सर्किटमध्ये नेला गेला: वर लाइनच्या टॅकोचं व्होल्टेज, खाली रोलच्या टॅकोचं. वेग कमी झाला की दोन्ही व्होल्टेज शून्याकडे जातात आणि उत्तर भटकायला लागतं. ठरावीक वेगाखाली व्यास गोठवायचा, हा नियम तेव्हापासूनचा. आजच्या ड्राइव्हमध्ये तो बहुधा ‘होल्ड’ म्हणून दिसतो. मायक्रोप्रोसेसर आल्यावर भागाकार अचूक झाला, नियम मात्र राहिला, कारण अडचण सर्किटची नव्हती. वेब ताठ नसेल तर रोलचा वेग आणि लाइनचा वेग यांचा संबंधच उरत नाही.

पुढचं सगळं एकाच उदाहरणावर पाहू. १ मीटर रुंद, २० मायक्रॉन बीओपीपी फिल्म, वेग २०० मीटर प्रति मिनिट, ताण १२० न्यूटन, कोअरचा बाहेरचा व्यास ९२ मिमी, भरलेला रोल ८०० मिमी. मोटर आणि शाफ्टमध्ये दोनास एक रिडक्शन. खालच्या सूत्रांत D म्हणजे रोलचा व्यास, v लाइनचा वेग, n शाफ्टचे फेरे, F ताण, M शाफ्टवरचा टॉर्क, M_fric घर्षणाचा आणि M_acc वेग बदलण्यासाठी लागणारा टॉर्क, आणि n_ref ड्राइव्हला दिलेला वेगाचा संदर्भ.

```
D     = v / (π × n)
M     = F × D/2 + M_fric + M_acc
n_ref = 1.10 × v / (π × D)
```

कोअरवर शाफ्ट ६९२ आरपीएमने फिरतो आणि ५.५ न्यूटन-मीटर लागतात. भरलेल्या रोलवर वेग ८० आरपीएमवर येतो आणि टॉर्क ४८ वर जातो. वेबची पॉवर पूर्ण वेळ फक्त ४०० वॅट आहे. पण एसी मोटरला भरलेल्या रोलचा टॉर्क आणि कोअरचा वेग दोन्ही देता यायला हवेत, म्हणून तिची निवड ४०० वॅट गुणिले ८.७ म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅटवर होते, आणि ४ किलोवॅटची मोटर बसते.

जुन्या मशीनवरची डीसी मोटर काढून एसी बसवताना हाच हिशेब चुकतो. ५.५ किलोवॅट, बेस ५०० आणि कमाल २००० आरपीएमची डीसी मोटर १०५ न्यूटन-मीटर देते. तेवढ्याच किलोवॅटची १४५० आरपीएमची एसी मोटर ३६ देते. प्लेटवरचे किलोवॅट जुळवून बदल केला, की सुरुवातीला सगळं छान चालतं आणि रोल मोठा झाला की ताण सुटतो. मग दोष ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये शोधला जातो.

व्हेक्टर कंट्रोलचा सिद्धांत १९७० च्या सुमाराचा, पण साध्या रिवाइंडरवर परवडेल असा ड्राइव्ह सर्रास मिळायला १९९० चं दशक उजाडलं. रिवाइंडरसाठी एन्कोडर लावावा हे तेव्हाही खरं होतं, आताही आहे. वरच्या मशीनवर भरलेला रोल १० मीटर प्रति मिनिटाने सरकवताना मोटर फक्त ८ आरपीएमने फिरते, म्हणजे पाव हर्ट्झच्या आसपास. तिथे एन्कोडर नसलेल्या व्हेक्टरच्या टॉर्कवर विसंबता येत नाही.

याच टप्प्यावर एक निर्णय वादाचा झाला आणि अजूनही आहे: ड्राइव्हला टॉर्कचा संदर्भ थेट द्यायचा, की ड्राइव्ह स्पीड मोडमध्ये ठेवून वेगाचा संदर्भ मुद्दाम जास्त द्यायचा आणि हवा तो टॉर्क मर्यादा म्हणून लावायचा? दोन्हींना कारखान्यात टॉर्क मोडच म्हणतात, त्यामुळे दोन माणसं वेगवेगळ्या मशीनबद्दल तासभर वाद घालू शकतात.

थेट टॉर्कची बाजू सोपी आहे. मध्ये स्पीड लूप नाही, त्याचं ट्यूनिंग नाही, व्यास थोडा चुकला तर ताण तेवढाच थोडा चुकतो. पण वेब तुटली की रोलला धरून ठेवणारं काही उरत नाही आणि मोटर वेगमर्यादेपर्यंत पळते. ती मर्यादा कोअरच्या वेगासाठी लावलेली असते, १४०० आरपीएमच्या आसपास. साडेचारशे किलोचा भरलेला रोल त्या वेगाकडे जाऊ लागला, तर तो ८० ऐवजी ७०० आरपीएम गाठायला निघालेला असतो.

दुसऱ्या पद्धतीत वेगाचा संदर्भ व्यासावरून काढून त्यावर १० टक्के जास्त दिला जातो. वेब रोलला मागे धरते, रोल त्या वेगापर्यंत पोचू शकत नाही, स्पीड लूप सॅच्युरेट होतो आणि टॉर्क मर्यादेवर टेकून राहतो. वेब तुटली की रोल १० टक्के पळतो आणि तिथे स्पीड लूप त्याला पकडतो. शिवाय वेब तुटल्याची खूण फुकट मिळते: प्रत्यक्ष टॉर्क मर्यादेच्या खाली आला आणि वेग संदर्भाला भिडला.

या पद्धतीत व्यास दोन ठिकाणी वापरला जातो, हे विसरलं की ती फसते. समजा रोल २०० मिमीचा आहे आणि ड्राइव्हच्या मेमरीत २४० आहे. खरी गरज ३१८ आरपीएमची, संदर्भ २६५ अधिक १० टक्के म्हणजे २९२. स्पीड लूपला रोल जास्त वेगाने फिरतोय असं दिसतं, तो टॉर्क काढून घेतो, आणि फिल्म मिनिटाला १७ मीटर या दराने रोलपुढे साचू लागते. थेट टॉर्क पद्धतीत याच चुकीने ताण फक्त २० टक्के वाढला असता. उलट नवा कोअर चढवून व्यास रीसेट करायचा राहिला, मेमरीत ८०० तसाच राहिला, तर थेट टॉर्क पद्धतीत ९२ मिमीच्या कोअरवर ४८ न्यूटन-मीटर लागतात. ताण जवळपास नऊपट होतो आणि फिल्म ताणली जाते किंवा तुटते. स्पीड लूपच्या पद्धतीत फिल्मचा फक्त ढीग होतो. ढीग उचलता येतो, म्हणून नव्या मशीनवर आमची पसंती सॅच्युरेट केलेल्या स्पीड लूपला आहे. व्यासाचा रीसेट कोअर चकच्या किंवा टरेटच्या इंटरलॉकला जोडलेला असावा, ही अट दोन्हीकडे सारखीच.

एक सापळा या पद्धतीचा खास आहे. व्यासाचा हिशेब मोकळा सोडला आणि वेब तुटली, तर रोल पळतो, हिशेब म्हणतो व्यास कमी झाला, वेगाचा संदर्भ वाढतो, रोल आणखी पळतो. वरची दोन सूत्रं एकत्र केली तर संदर्भ नेहमी प्रत्यक्ष वेगाच्या १.१ पट निघतो, म्हणजे पकडणारा स्पीड लूप कागदावरच उरतो. यावर उपाय म्हणून रिवाइंडरवर व्यास फक्त वाढू द्यायचा, ही कुलूप लावण्याची रीत रुळली. तिचा तोटा असा की वेब क्षणभर ढिली पडून व्यास खोटा वाढला, तर तो खोटाच राहतो.

त्यापेक्षा व्यास बदलण्याच्या दरावर मर्यादा ठेवणं चांगलं, आणि ती अंदाजाने नव्हे तर फिल्मवरून काढता येते. प्रत्येक फेऱ्याला व्यास ४० मायक्रॉन वाढतो. कोअरवर ६९२ फेरे म्हणजे मिनिटाला २७.७ मिमी, सेकंदाला अर्ध्या मिमीच्या आत. भरलेल्या रोलवर हाच दर मिनिटाला ३.२ मिमी. थरांमधली हवा धरून वाढीची मर्यादा सेकंदाला १ मिमी ठेवली तर खरी वाढ कधी अडत नाही. घटीची मर्यादा त्याहून बरीच हळू ठेवावी, म्हणजे चुकलेला व्यास सावकाश सुधारतो, पण तुटलेल्या वेबने तो पटकन खाली येत नाही.

मशीन नीट आहे का, हे ट्रेंडवर तीन रेषांत दिसतं: टॉर्क मर्यादा, प्रत्यक्ष टॉर्क आणि वेग. पहिल्या दोन एकमेकींवर टेकलेल्या हव्यात आणि प्रत्यक्ष वेग संदर्भाच्या सुमारे ९१ टक्के हवा. हे प्रमाण ९१ वरून हळूहळू १०० कडे सरकत असेल तर मेमरीतला व्यास खऱ्यापेक्षा मोठा होत चालला आहे.

सूत्रातली उरलेली दोन पदं डिजिटल ड्राइव्हमुळे खऱ्या अर्थाने वापरात आली. गिअर आणि बेअरिंगचं घर्षण मोटरच्या बाजूला १ न्यूटन-मीटर धरा. कोअरवर मोटरला ताणासाठी २.७६ लागतात, भरलेल्या रोलवर २४. म्हणजे तेच घर्षण शेवटी ४ टक्क्यांची आणि सुरुवातीला ३६ टक्क्यांची चूक करतं. कोअरवर सुरकुत्या आणि ढिले थर, पुढे रोल छान, अशी तक्रार आली तर आधी रिकामा शाफ्ट पाच-सहा वेगांवर फिरवून टॉर्क नोंदवावा आणि ती वक्ररेषा ड्राइव्हमध्ये भरावी. गिअर गरम झाल्यावर नोंदवावी. थंड गिअरवर घेतलेले आकडे जास्त येतात आणि मशीन तापल्यावर ताण वाढतो.

जडत्वाची चूक दुसऱ्या टोकाला असते. भरलेल्या रोलचं जडत्व सुमारे ३६ किलो-वर्ग मीटर. २० सेकंदांत वेग पकडायचा तर १५ न्यूटन-मीटर रोलच खातो, आणि भरपाई नसेल तर ताण तिसऱ्या हिश्श्याने घटतो. इमर्जन्सी स्टॉप ५ सेकंदांचा असेल तर उलट होतं: रोलला थांबवायला ६१ न्यूटन-मीटर लागतात, मोटर ४८ ने पुढेच ओढत असते, आणि ताण १२० वरून २७० च्या वर जातो. भरपाई लावल्यावर मोटरला त्या पाच सेकंदांत उणे १३ न्यूटन-मीटर द्यावे लागतात. हा ब्रेकिंगचा टॉर्क असल्यामुळे ऊर्जा डीसी बसमध्ये परत येऊ शकते. ब्रेकिंग रेझिस्टर नसेल किंवा ड्राइव्हच्या ओव्हरव्होल्टेज कंट्रोलने तो टॉर्क अडवला, तर सूत्र बरोबर असूनही भरलेला रोल थांबवताना ताण वाढतो. कोअरजवळ हे कधी दिसत नाही, कारण फिल्मचं जडत्व व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतं.