घामाला बोट समजणारा इअरबड

सकाळी धावायला निघावं, पहिली दहा-पंधरा मिनिटं गाणं नीट वाजावं आणि मग ते आपोआप थांबावं, पुन्हा सुरू व्हावं, मध्येच पुढच्या गाण्यावर उडी मारावी. हात तर इअरबडपासून लांबच असतात.

इअरबडच्या बाहेरच्या प्लास्टिकखाली बहुधा बटण नसतं, धातूची एक पातळ पट्टी असते. तिची विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, चिप सतत मोजते. बोट टेकलं की ती किंचित वाढते, बऱ्याचदा एखादा पिकोफॅरड किंवा त्याहूनही कमी. पिकोफॅरड म्हणजे फॅरडचा एक लाख कोटीवा भाग. वाढ ठरलेल्या मर्यादेपुढे गेली की चिप म्हणते, स्पर्श झाला. दाबाशी तिला देणंघेणं नाही.

सुटा थेंब फारसा त्रास देत नाही. पण केसांतून ओघळलेला घाम इअरबडवर पसरून कानाच्या त्वचेला जाऊन मिळाला, तर गोष्ट बदलते. घामात मीठ असतं, तो वीज वाहतो, आणि त्या ओल्या पापुद्र्यातून आख्खं शरीरच पट्टीजवळ येऊन बसतं. चिपला ते बोटच वाटतं. खोक्यावरचं ‘आयपीएक्स४’ इथे कामाचं नाही. ते पाण्याच्या शिंतोड्यांनी यंत्र बिघडणार नाही एवढंच सांगतं, आणि ती चाचणीही साध्या पाण्याची असते.

उलटा बिघाड जास्त गमतीचा आहे. हवामानानुसार आकडे बदलतात, म्हणून चिप आपलं ‘शून्य’ अधूनमधून नव्याने ठरवते, बरेचदा चार्जिंगच्या केसमधून बाहेर काढताना. तेव्हा इअरबड ओला असेल किंवा बोट नेमकं पट्टीवर असेल, तर तीच अवस्था शून्य ठरते. ओल सुकली की आकडा शून्याच्या खाली जातो, आणि बोटाने झालेली वाढ तो खड्डा भरण्यातच संपते. तुम्ही टकटक करत राहता.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी किंचित ओल्या सुती फडक्याने सुकलेलं मीठ पुसा, मग कोरड्या फडक्याने पुसा. केसमध्ये ठेवून झाकण मिनिटभर बंद करा आणि बाहेर काढताना कडेला धरा. इअरबड ओला असतानाच हे केलंत, तर तीच चूक पुन्हा पक्की होते. पूर्ण फॅक्टरी रीसेट शेवटी. त्यात फोनशी जोडणीही पुसली जाते.

तरीही स्पर्श मुका असेल, तर पट्टीवरचा संशय सोडा. कानाकडच्या बाजूला काही मॉडेलमध्ये छोटी काळी खिडकी असते. तिच्यातला अवरक्त किरणांचा सेन्सर इअरबड कानात आहे का, ते ओळखतो. कानातला मळ तिच्यावर बसला की त्याची फसगत होऊ शकते, आणि इअरबड कानात नाही असं वाटलं की काही मॉडेल स्पर्शच बंद ठेवतात. ॲपमध्ये ही ओळख तात्पुरती बंद करून पाहा. स्पर्श लगेच चालू झाला, तर पुसायची जागा आतली आहे, बाहेरची नाही.