चौकट सरकते की फोटो सरकतो? केन बर्न्सवाल्या व्हिडिओतला जुना घोळ

आजोबांच्या पंचाहत्तरीसाठी जुन्या फोटोंचा व्हिडिओ करायचा म्हटलं की प्रत्येक फोटोवर कॅमेरा हळूच फिरल्यासारखं दिसायला हवं असतं. त्यासाठी दोन मार्ग आहेत. लोक एका मार्गाचे नियम दुसऱ्याला लावतात आणि मग 'हे ॲप उलटंच चालतं' म्हणून बोटं मोडतात. ॲप सरळच चालत असतं.

पहिला मार्ग चौकटींचा. आयमूव्ही आणि फायनल कटमध्ये त्याला `Ken Burns` म्हणतात, दाविंची रिझॉल्व्हमध्ये `Dynamic Zoom`. फोटोवर सुरुवातीची एक चौकट आणि शेवटची एक चौकट मांडायची, मधला प्रवास ॲप करतं. अमेरिकी माहितीपटकार केन बर्न्स यांचं नाव याला ॲपलने २००३ साली आयमूव्हीत दिलं. कुठे हिरवी चौकट सुरुवातीची असते आणि लाल शेवटची, कुठे नुसतं `Start` आणि `End` लिहिलेलं असतं. यात समजावण्यासारखं फार नाही. दुसरा मार्ग प्रीमियरसारख्या ॲपमधला: `Scale` म्हणजे फोटोचं टक्क्यांतलं माप आणि `Position` म्हणजे त्याची जागा; यांना सुरुवातीला एक आणि शेवटी एक अशा कीफ्रेम, म्हणजे त्या क्षणाचा आकडा पक्का करणाऱ्या खुणा, लावायच्या.

खरी मेख पुढे आहे. पुठ्ठ्याला आयताकृती भोक पाडून तो फोटोवर ठेवला आहे असं समजा. पहिल्या मार्गात फोटो टेबलावर स्थिर असतो आणि तुम्ही पुठ्ठा सरकवता. दुसऱ्या मार्गात पुठ्ठा स्थिर असतो आणि त्याच्याखालून फोटो ओढता. बघणाऱ्याला दोन्हीत एकच दिसतं, पण हाताची दिशा नेमकी उलटी होते. पुठ्ठा उजवीकडे नेलात तर फोटोची उजवी बाजू दिसते. तेच दाखवायला फोटो मात्र डावीकडे ओढावा लागतो. मापाचंही तसंच आहे. चौकट लहान केली की चेहरा मोठा दिसतो, फोटोचं `Scale` लहान केलं की चेहराही लहान. 'झूम इन करायचं म्हणून शेवटची चौकट मोठी केली' ही चूक इथूनच येते. झूम इनमध्ये शेवटची चौकट लहान असते, बस्स.

आकडे घालून बघू. स्कॅन केलेला ग्रुप फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा आहे, व्हिडिओ १९२० × १०८० चा, सहा सेकंदांचा. सुरुवातीला फोटोची पूर्ण रुंदी दाखवायची, म्हणजे चौकट ६००० × ३३७५, फोटोच्या बरोबर मध्यावर. शेवटी उजवीकडे, जरा वरच्या रांगेत उभ्या असलेल्या आजोबांवर थांबायचं: चौकट ३००० रुंद, तिचा मध्य फोटोच्या मध्यापासून १३०० पिक्सेल उजवीकडे आणि ५०० वर. चौकटींच्या ॲपमध्ये एवढं मांडलं की झालं.

आता हेच प्रीमियरमध्ये. सुरुवातीला `Scale` ३२, कारण ६००० चे १९२० करायचे आहेत, आणि `Position` ९६०, ५४०, म्हणजे व्हिडिओचा मध्य. शेवटी ३००० चे १९२० करायचे म्हणून `Scale` ६४. आता १३०० ला ०.६४ ने गुणा, ८३२ येतात; ५०० चे ३२० होतात. `Position` होतं १२८, ८६०. चौकट उजवीकडे आणि वर गेली, फोटो डावीकडे आणि खाली. ९६० मधून ८३२ वजा झाले आणि ५४० मध्ये ३२० मिळवले गेले, कारण तिथे खालची दिशा धन धरतात. गुणाकार शेवटच्या `Scale`नेच करायचा. तो विसरून थेट १३०० वजा केले तर आजोबा फ्रेमच्या मध्यावरून डावीकडे सरकतात आणि उजव्या कडेला काळी पट्टी डोकावते. चौकटीच्या ॲपमध्ये सहसा हे होत नाही, कारण चौकट फोटोबाहेर जाऊच देत नाहीत.

सुरुवात आणि शेवट असे तंतोतंत जुळवले तरी दोन व्हिडिओ एकसारखे दिसतीलच असं नाही, आणि हे फारच कमी जणांच्या लक्षात येतं. तिसऱ्या सेकंदाला व्हिडिओ थांबवा. चौकटीची रुंदी समान वेगाने घटत असेल तर ती ४५०० वर आलेली असते. `Scale` समान वेगाने वाढत असेल तर ते ४८ असतं, म्हणजे दिसणारा भाग ४००० रुंद. वाट तीच, पण दुसरा व्हिडिओ अर्ध्या वेळात दोन तृतीयांश वाट चाललेला असतो. डोळ्याला त्यातून काय जाणवतं? पहिल्यात चित्र पहिल्या सेकंदात सुमारे ९ टक्के मोठं होतं आणि शेवटच्या सेकंदात जवळपास १७ टक्के, म्हणजे आजोबांच्या अंगावर धावून गेल्यासारखं. दुसऱ्यात हेच आकडे उलटे होतात, आधी वेग आणि मग संथपणे थांबणं.

म्हणून माझं ठाम मत: चेहऱ्यावर जायचं असेल तर समान वेगाचं `Scale` वापरा, चेहऱ्यावरून मागे येत सगळा ग्रुप दाखवायचा असेल तर समान वेगाची चौकट, कारण मागे येताना शेवटी संथ होते ती तीच. ॲपने आधीच ईज, म्हणजे सुरुवातीला आणि शेवटी वेग आपोआप मंदावणं, लावलेलं असेल तर फरक थोडा झाकला जातो. दीडपटीपेक्षा कमी झूम असेल तर या भानगडीत पडूच नका, कुणाला कळणार नाही. खरं तर बहुतेक फोटोंना तेवढाच झूम पुरतो. प्रत्येक फोटोत तिप्पट घुसणारे व्हिडिओ बघून गरगरायला होतं.

पिक्सेलचा हिशेब दोन्हीकडे सारखाच आहे. शेवटची चौकट व्हिडिओच्या रुंदीपेक्षा, इथे १९२० पेक्षा, लहान झाली की चित्र मऊ पडू लागतं. व्हॉट्सॅपवरून आलेल्या फोटोची पूर्ण रुंदीच अनेकदा त्याहून कमी असते; मूळ फाइल मागवा. प्रीमियरमध्ये `Scale to Frame Size` दाबू नका. ते फोटोचे जादा पिक्सेल आधीच टाकून देतं आणि नंतरचा झूम पुसट होतो. `Set to Frame Size` चालेल.

कमांड लिहिणाऱ्यांसाठी ffmpeg या व्हिडिओच्या प्रोग्रॅममधलं `zoompan` ही मजेशीर खिचडी आहे: `x` आणि `y` चौकटीच्या वरच्या डाव्या कोपऱ्याचे, पण `z` म्हणजे मोठं करण्याची पट. वरचंच उदाहरण:

```
ffmpeg -i photo.jpg -vf "crop=6000:3374,zoompan=z='1+on/150':x='(iw-iw/zoom)*14/15':y='(ih-ih/zoom)*0.2':d=150:s=1920x1080:fps=25" out.mp4
```

आधीचा `crop` गाळलात तर ३:२ चा फोटो १६:९ मध्ये ताणला जाऊन सगळे आडवे सुटलेले दिसतील. इथे `z` समान वेगाने वाढतो, म्हणजे शेवटी संथ होणारा झूम. समान वेगाची चौकट हवी असेल तर `z='1/(1-on/300)'` लिहा, आणि कुठेच वेग बदललेला जाणवू नये असं वाटत असेल तर `z='pow(2,on/150)'`. लहान फोटोवर चित्र थरथरतं, कारण `x` आणि `y` पूर्ण पिक्सेलवर आणले जातात. `zoompan`च्या आधी `scale` लावून फोटो काही पट मोठा करून घेतला की थरथर जाते.