पेटी-आलेखावरील सोप्या टिपा

पेटी-आलेख (बॉक्स प्लॉट) म्हणजे आकड्यांचा अख्खा समूह पाच खुणांत दाखवणारे चित्र. मधोमध एक पेटी, पेटीच्या आत एक आडवी किंवा उभी रेघ, दोन्ही बाजूंना निघालेल्या दोन ‘मिशा’ आणि क्वचित त्यांच्याही पलीकडे सुटे ठिपके असतात. संख्याशास्त्र न शिकलेल्या वाचकापुढे हा आलेख ठेवताना त्यावरच दोन-चार साधी वाक्ये लिहिण्याची पद्धत आहे. ती नसतील तर वाचक गोंधळतो, आणि त्याहून वाईट म्हणजे बहुधा आपल्याला समजले असे मानून उलटा अर्थ काढतो.

असाच आलेख मेरी एलेनॉर स्पिअर यांनी १९५२ मध्ये दिला होता. आज वापरात असलेले रूप मात्र अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्युकी यांचे आहे. त्यांच्या १९७७ च्या पुस्तकामुळे ते सर्वत्र पोचले. ट्युकींना हवे होते हाताने झटपट काढता येईल असे चित्र, तेही आकडेवारी रोज हाताळणाऱ्यांसाठी. सामान्य वाचक त्यांच्यासमोर नव्हता, आणि टिपांची गरज तिथूनच सुरू होते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका दवाखान्यात २० रुग्णांना डॉक्टरांची किती मिनिटे वाट पाहावी लागली, याची चढत्या क्रमाने नोंद अशी : ४, ६, ७, ८, १०, १०, ११, १२, १३, १४, १६, १८, २०, २४, ३०, ३०, ३६, ४१, ४८, ७५. दहावा आकडा १४ आणि अकरावा १६, म्हणून मध्यक, म्हणजे यादीचा मधोमधचा आकडा, १५. खालच्या दहा आकड्यांचा मध्य १० आणि वरच्या दहांचा ३०. हे झाले पहिला आणि तिसरा चतुर्थक. म्हणून पेटी १० पासून ३० पर्यंत काढायची आणि तिच्यात १५ वर रेघ मारायची. पेटीची लांबी २०, तिची दीडपट ३०. पेटीच्या टोकापासून एवढ्या अंतरात जो शेवटचा आकडा सापडेल तिथे मिशी थांबते. वरची मर्यादा ६० येते, पण तिच्या आतला शेवटचा रुग्ण ४८ वर असल्याने मिशी ४८ वरच संपते. खालची मिशी ४ पर्यंत जाते. ७५ मर्यादेबाहेर पडतो, म्हणून तो सुटा ठिपका.

आता हे चित्र अनोळखी वाचकाच्या डोळ्यांनी पाहावे. १० ते १५ हा पेटीचा तुकडा आखूड आहे, १५ ते ३० हा त्याच्या तिप्पट लांब. स्तंभालेख पाहून तयार झालेली नजर लगेच सांगते की लांब तुकड्यात माणसे जास्त. प्रत्यक्षात दोन्हींत पाच-पाचच रुग्ण आहेत. मिशा आणि ठिपका धरून चारही भागांत पाचच. लांबी सांगते ती माणसांची पांगापांग. आखूड भागात माणसे दाटीने आहेत, लांब भागात विरळ. पेटी-आलेख वाचताना होणाऱ्या चुकांची आई हीच, म्हणून पहिली टीप हिच्यावरच खर्च करावी.

ती टीप अशी लिहिता येते : ‘प्रत्येक भागात ५ रुग्ण.’ चारही भागांवर ‘५ रुग्ण’ असे चारदा लिहिले तरी बिघडत नाही, उलट पुनरुक्तीनेच मुद्दा ठसतो. मध्यकाच्या रेघेशेजारी : ‘निम्म्या रुग्णांचा नंबर १५ मिनिटांच्या आत लागला.’ पेटीच्या वरच्या कडेजवळ : ‘चारांपैकी एकाला अर्धा तास किंवा त्याहून अधिक थांबावे लागले.’ (३० मिनिटे थांबलेले दोघे कडेवरच आहेत. काटेकोर मोजायचे तर अर्धा तास किंवा अधिक थांबलेले सहा होतात, आणि चिकित्सक वाचक ते नेमके पकडतो. टीप लिहिण्याआधी मूळ यादी मोजून पाहावी आणि इथे ‘२० पैकी ६ जणांना’ असेच लिहावे.) मध्यक, चतुर्थक हे शब्द चित्रावर आलेच पाहिजेत असे नाही. टीप ज्या रेघेबद्दल आहे तिच्या शेजारीच हवी. खाली कोपऱ्यातल्या सूचीत ठेवली तर वाचक सूची आणि चित्र यांच्यात येरझाऱ्या घालतो आणि दुसऱ्या फेरीला सोडून देतो.

सुट्या ठिपक्याची टीप जपून लिहावी लागते. ‘अपवाद’ किंवा ‘चूक’ असे लिहिले की वाचक तो मनातून वगळतो. ‘एका रुग्णाला ७५ मिनिटे थांबावे लागले’ एवढेच पुरे. कारण माहीत असेल तर ते जोडावे. दीडपटीचा नियम संकेत आहे, निकाल नव्हे. घंटेच्या आकाराच्या अगदी निर्दोष आकडेवारीतही सुमारे ०.७ टक्के आकडे त्याच्या बाहेर पडतात, म्हणजे १०,००० नोंदी असतील तर साधारण ७० ठिपके काहीही बिघडलेले नसताना दिसतील. शिवाय सगळे जण हा नियम पाळत नाहीत. काही आलेखांत मिशा थेट सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यापर्यंत नेलेल्या असतात. matplotlib या आलेख काढण्याच्या पायथन लायब्ररीत मूळ सेटिंग `whis=1.5` असते आणि `whis=(0, 100)` दिले की ठिपकेच उरत नाहीत. तेव्हा मिशीचे टोक म्हणजे काय, हे टीप लिहिणाऱ्याने आधी तपासायचे.

टीप जमली की नाही हे कळायला सोपी कसोटी आहे. ज्याने आकडेवारी पाहिलेली नाही अशा एखाद्याला चित्र दाखवून विचारावे : ‘१५ मिनिटांच्या आत किती जणांचा नंबर लागला आणि १५ ते ३० मध्ये किती?’ उत्तरात दुसरा आकडा मोठा आला तर टिपेने काम केलेले नाही. ‘समजले का?’ असे विचारू नये. त्याला सगळे होच म्हणतात.

टिपांनी न भागणारी एक उणीव उरते. पेटीच्या आत आकडे कसे बसले आहेत हे पेटी सांगत नाही. समजा वेळ ठरवून आलेले दहा जण ५ ते १० मिनिटांत सुटले आणि वेळ न ठरवता आलेले दहा जण ४० ते ४५ मिनिटे थांबले. मध्यकाची रेघ २५ च्या आसपास येईल, जिथे एकही रुग्ण नाही, आणि पेटी मात्र अगदी साधी, भरल्यासारखी दिसेल. तिथे हिस्टोग्राम म्हणजे आयतालेख घ्यावा : दर दहा मिनिटांचा एक खण आणि खणात जितके रुग्ण तितकी स्तंभाची उंची. दोन उंचवटे आणि मधली रिकामी जागा आपोआप दिसते, आणि तिथे टिपाही दोनच लागतात : ‘वेळ ठरवून आलेले’ आणि ‘वेळ न ठरवता आलेले’.