दुसऱ्या रीजनमधली प्रत: बकेट रेप्लिकेशन कशासाठी आले आणि कशापासून वाचवत नाही

ॲमेझॉनची एस३ ही साठवण सेवा मार्च 2006 मध्ये सुरू झाली. तिच्यात फाइली बकेट नावाच्या कप्प्यांत ठेवतात. नेहमीच्या स्टँडर्ड वर्गात ठेवलेली फाइल एकाच रीजनमधल्या, म्हणजे एका भौगोलिक प्रदेशातल्या, किमान तीन अव्हेलेबिलिटी झोनमध्ये, म्हणजे डेटा सेंटरच्या वेगवेगळ्या गटांत, साठवली जाते. त्यामुळे डिस्क जळाली किंवा एखादे अख्खे डेटा सेंटर बुडाले तरी फाइल शाबूत राहते. मात्र हे तिन्ही झोन एकाच रीजनचे असतात. काही नियामक प्रती शेकडो किलोमीटर दूर ठेवायला सांगत, आणि काही ग्राहकांना दूरच्या वापरकर्त्यांजवळ प्रत हवी असे. या दोन गरजांसाठी मार्च 2015 मध्ये क्रॉस-रीजन रेप्लिकेशन आले. दोन्ही बकेटवर व्हर्जनिंग, म्हणजे फाइलीच्या जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय, चालू करायचे आणि स्रोत बकेटवर नियम लिहायचा, की त्यानंतर येणारी प्रत्येक फाइल मागाहून दुसऱ्या रीजनमध्ये जाते. नियमाआधीच्या फाइली मात्र आपोआप जात नाहीत. त्यांच्यासाठी बॅच रेप्लिकेशन थेट 2022 मध्ये आले.

28 फेब्रुवारी 2017 ला व्हर्जिनिया रीजनमधली एस३ जवळपास चार तास कोलमडली. बिलिंग प्रणालीतला दोष शोधताना एका कर्मचाऱ्याने दिलेल्या कमांडमधला आकडा चुकला आणि ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर काढले गेले. फाइल कुठे आहे हे सांगणारी अनुक्रमणिकेची यंत्रणाच त्यात सापडल्याने तिला पुन्हा उभी राहायला वेळ लागला. (सेवांची स्थिती दाखवणारे ॲमेझॉनचे पानही एस३ वरच अवलंबून होते, त्यामुळे काही काळ ते अद्ययावत करता आले नाही.) डेटा गेला नव्हता, फक्त हाती लागत नव्हता. रेप्लिकेशन खरोखर उपयोगी पडते ते अशाच संकटात.

भारतात या सोयीला वेगळीच अडचण होती. मुंबई रीजन जून 2016 मध्ये आले, पण देशात त्याला जोडीदार नव्हता. प्रत पाठवायची तर सिंगापूर किंवा त्याहून दूर. एप्रिल 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंटचा डेटा भारतातच ठेवण्याचा आदेश दिल्यावर पेमेंट कंपन्यांसाठी तो मार्ग बंद झाला. नोव्हेंबर 2022 मध्ये हैदराबाद रीजन सुरू झाले, तेव्हा कुठे एस३ ची दोन्ही टोके देशात ठेवता आली.

आता खर्च. दर रीजननुसार बदलतात, म्हणून व्हर्जिनियाहून ओरेगॉनला पाठवण्याचे उदाहरण घेऊ. हे दर बराच काळ स्थिर आहेत: साठवण महिन्याला प्रति जीबी 0.023 डॉलर, रीजनबाहेर पाठवणे प्रति जीबी 0.02 डॉलर आणि फाइल लिहिण्याच्या, म्हणजे पुट, दर हजार विनंत्यांना 0.005 डॉलर. समजा बकेटमध्ये 10,000 जीबी आहे आणि फाइली सरासरी 500 केबीच्या, म्हणजे 2 कोटी. जुना साठा एकदा हलवायला वाहतुकीचे 200, पुटचे 100 आणि बॅच रेप्लिकेशनचे सुमारे 20 डॉलर लागतात. पुढे दुसऱ्या प्रतीच्या साठवणीचे महिन्याला 230 डॉलर. स्टँडर्ड-आयए हा स्वस्त वर्ग निवडला तर मासिक खर्च 125 वर येतो, पण पुटचा दर दुप्पट होतो.

तोच 10,000 जीबी 20 केबीच्या फाइलींत असेल तर हिशेब पालटतो. फाइली होतात 50 कोटी. नुसत्या पुट विनंत्यांचे 2,500 डॉलर आणि बॅचचे 500. वाहतूक मात्र तीच, 200 डॉलर. अशा बकेटला आयए निवडणारा तर दोन्हीकडून मार खातो. पुटचे 5,000 डॉलर होतातच, शिवाय या वर्गात 128 केबीपेक्षा लहान फाइलही 128 केबीची धरून आकारणी होते. म्हणजे 10,000 जीबीचे बिल 64,000 जीबीचे, महिन्याला सुमारे 800 डॉलर. स्टँडर्डच्या साडेतीन पट. तेव्हा अंदाज बांधताना जीबीआधी फाइलींची संख्या पाहावी.

दुसरा छुपा खर्च हळूहळू वाढतो. व्हर्जनिंग चालू असताना फाइल बदलली की जुनी आवृत्ती तशीच राहते आणि तिचेही पैसे लागतात. स्रोतावर त्या साफ करणारा लाइफसायकल नियम असतो, पण तो नियम दुसऱ्या बकेटवर जात नाही, आणि त्याने केलेली साफसफाईही तिथे पोहोचत नाही. तिकडे वेगळा नियम लिहिला नाही तर वर्षभराने प्रत मूळ बकेटपेक्षा मोठी दिसते.

रेप्लिकेशन कशापासून वाचवत नाही, हे एका जुन्या घटनेतून नीट कळते. जून 2014 मध्ये कोड स्पेसेस या कोड साठवणाऱ्या कंपनीच्या एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउडमधल्या नियंत्रण पॅनेलमध्ये खंडणीखोर घुसला. हुसकावण्याचा प्रयत्न होताच त्याने सर्व्हरच्या डिस्क, स्नॅपशॉट आणि एस३ बकेट पुसायला सुरुवात केली. बाहेर ठेवलेले बॅकअपही बऱ्याच अंशी गेले आणि कंपनी बंद पडली. दोन बकेट दोन रीजनमध्ये, पण एकाच खात्यात असतील, तर हाच धोका तसाच उरतो, कारण किल्ली एकच असते.

चुकीचा बदलही रेप्लिकेशन इमानेइतबारे पोहोचवते. प्रोग्राममधल्या दोषाने फाइल बिघडली, किंवा खंडणीखोराने ती एन्क्रिप्ट करून परत लिहिली, तर बहुधा काही मिनिटांत ओरेगॉनलाही तीच बिघडलेली फाइल ताजी प्रत म्हणून दिसते. आधीची आवृत्ती मिळते ती व्हर्जनिंगमुळे, तीही लाइफसायकलने पुसेपर्यंतच. डिलीटची गोष्ट थोडी वेगळी आहे. आवृत्ती क्रमांक देऊन केलेले कायमचे डिलीट दुसरीकडे जात नाही. साध्या डिलीटने बनणारे डिलीट मार्कर, म्हणजे पुसल्याच्या खुणा, रेप्लिकेशन नियमांच्या जुन्या रचनेत आपोआप जात. नव्या रचनेत ते पाठवायचे की नाही हे आपण ठरवतो. त्यामुळे वाचवायचे असेल तर दुसरी बकेट वेगळ्या खात्यात हवी, प्रतींची मालकी त्या खात्याकडे हवी, आणि ऑब्जेक्ट लॉक कम्प्लायन्स मोडमध्ये हवा. या मोडमध्ये मुदत संपेपर्यंत त्या खात्याचा रूट वापरकर्ताही आवृत्ती पुसू शकत नाही. अर्थात नको असलेली आवृत्तीही तेवढे दिवस बिलात राहते.

मग उरतो प्रश्न, प्रत खरोखर पोहोचली का. हे स्रोत बकेटला विचारता येते:

```
aws s3api head-object --bucket mul-bucket \
  --key 2024/bill.pdf --query ReplicationStatus
```

उत्तर `PENDING`, `COMPLETED` किंवा `FAILED` येते. दुसऱ्या बकेटवर तेच विचारले तर `REPLICA`. अपयशाचे एक नेहमीचे कारण परवानगीचे असते: फाइल केएमएस या किल्ल्या सांभाळणाऱ्या सेवेतल्या किल्लीने एन्क्रिप्ट केलेली असते, पण रेप्लिकेशन ज्या ओळखीने चालते त्या रोलला स्रोताच्या किल्लीने उलगडण्याची किंवा दुसरीकडच्या किल्लीने बंद करण्याची परवानगी नसते. परवानगी दुरुस्त केली तरी आधी `FAILED` झालेल्या फाइली आपणहून पुन्हा जात नाहीत. त्यांच्यासाठी बॅच रेप्लिकेशन चालवावे लागते. `s3:Replication:OperationFailedReplication` या इव्हेंटवर इशारा लावला नसेल तर हे महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.

सगळे सुरळीत असले तरी रेप्लिकेशन मागाहून चालते. बहुतेक फाइली 15 मिनिटांत पोहोचतात, पण तशी लेखी हमी हवी तर रेप्लिकेशन टाइम कंट्रोलचे प्रति जीबी 0.015 डॉलर जास्त मोजावे लागतात. रीजन बंद पडण्याआधीच्या शेवटच्या काही मिनिटांतल्या फाइली तिकडे नसतील, हे धरूनच चालावे. आणि ॲप्लिकेशन आपोआप दुसऱ्या बकेटकडे वळत नाही. तिचे नाव वेगळे असते, आणि परवानग्याही तिच्यासाठी वेगळ्या लिहाव्या लागतात. संकटाच्या काळात ओरेगॉनमध्ये लिहिलेल्या नव्या फाइली नंतर व्हर्जिनियाला आणायच्या तर उलट दिशेचा नियम आधीपासून चालू असावा लागतो, नाहीतर मूळ रीजन परत आल्यावर त्या फाइली एकाच बाजूला अडकून राहतात.