व्हॅरेनिक्लिन म्हणजे गोळीतलं निकोटिन का?

“पट्टी काय, च्युइंगम काय, व्हॅरेनिक्लिन काय, शेवटी निकोटिनच ना?”

नाही. व्हॅरेनिक्लिन ही सिगारेट सोडायला मदत करणारी गोळी आहे आणि तिच्यात निकोटिनचा कणही नसतो.

मेंदूत अल्फा-४ बीटा-२ नावाचे रिसेप्टर असतात. धुरातलं निकोटिन काही सेकंदांत तिथे बसतं, मजा देणारं डोपामिन उसळतं. निकोटिन मिळणं तुटलं की चिडचिड, तलफ. पट्टी तेच निकोटिन त्वचेतून हळूहळू देते. रिसेप्टर उपाशी राहत नाहीत आणि उसळीही येत नाही.

व्हॅरेनिक्लिन त्याच जागेवर बसतं, पण तिला अर्धवटच चालू करतं. थोडं डोपामिन सुटतं, तलफ निवते. आणि जागा अडलेली असल्यामुळे सिगारेटमधल्या निकोटिनला शिरकाव मिळत नाही. लोकलमध्ये आधीच कुणीतरी बसलेल्या सीटसारखं.

म्हणूनच गोळी साधारणपणे सिगारेट सोडायच्या तारखेआधी आठवडाभर सुरू करतात. पहिले ३ दिवस ०.५ मिलिग्रॅम एकदा, पुढचे ४ दिवस दोनदा, मग १ मिलिग्रॅम दोनदा. समजा, दादरच्या टपरीवर कुणी सहाव्या दिवशी चहासोबत सिगारेट शिलगावली आणि ती फिकी लागली, अर्धी टाकून दिली. गोळी काम करतेय, असं समजायला हरकत नाही. पट्टीने मजा इतकी मरत नाही.

मळमळ मात्र बऱ्याच जणांना होते. जेवणानंतर, ग्लासभर पाण्यासोबत घेतली तर कमी होते. मूत्रपिंडाचा गंभीर आजार असेल तर डोस कमी करावा लागतो, तेव्हा ते डॉक्टरांना आधीच सांगा.