२९ हा आकडा खरोखर जास्त वेळा येतो का?

रूलेट या जुगारात फिरत्या चक्रावर सोडलेला चेंडू ज्या कप्प्यात थांबतो, तो आकडा लागतो; त्याच्या एकशून्यी चक्रात ० ते ३६ असे ३७ कप्पे असतात. समजा, एखाद्याने चक्राजवळ वही घेऊन ३७० फेऱ्यांचे निकाल टिपले. प्रत्येक आकडा सरासरी १० वेळा यायला हवा, पण वहीत २९ हा आकडा १७ वेळा आलेला आहे. अपेक्षेपेक्षा ७० टक्के जास्त म्हटल्यावर चक्रात काहीतरी खोट आहे, असे कोणालाही वाटेल. मात्र कसलीही खोट नसलेल्या चक्राच्या ३७० फेऱ्यांचे असेच अनेक संच टिपले, तर त्यांपैकी निम्म्याहून अधिक संचांत कोणता ना कोणता आकडा १७ किंवा त्याहून जास्त वेळा आलेला सापडतो. या वहीत तो मान २९ला मिळाला, एवढेच.

इथे नजरेची एक चूक होते. आपण २९वर आधीपासून लक्ष ठेवलेले नसते. ३७ आकड्यांची यादी पाहून, त्यातला सर्वांत पुढे असलेला आकडा निवडून, मग तो पुढे का आहे असा प्रश्न आपण विचारतो. ३७ जणांच्या शर्यतीत कोणीतरी पहिला येणारच, तेव्हा नुसत्या पहिल्या येण्याचे आश्चर्य वाटायला नको. पाहायचे ते हे की, निव्वळ योगायोगाने पहिला येणारा आकडा साधारण जेवढा पुढे असतो, त्यापेक्षा हा किती पुढे आहे.

हिशेबाआधी चक्राकडे पाहायला हवे, कारण कोणत्या खोटीने आकड्यांमध्ये फरक पडू शकतो हे ठाऊक नसेल तर भलत्याच गोष्टीवर संशय जातो. चक्राचे दोन भाग असतात: बाहेरचे स्थिर वाडगे, ज्याच्या कडेने चेंडू फिरतो, आणि आतली फिरती तबकडी, जिच्यावर आकड्यांचे कप्पे असतात. चक्र एका बाजूला कललेले असले, तर चेंडू कड सोडून खाली उतरण्याची जागा ठरावीक होऊ शकते. पण त्या क्षणी तिथे कोणता आकडा असेल, हे तबकडीच्या फिरण्यावर अवलंबून असते. म्हणून केवळ कललेले वाडगे कोणत्याही एका आकड्याला झुकते माप देत नाही. आकड्याला चिकटलेला कल निर्माण व्हायचा तर दोष तबकडीतच असावा लागतो. दोन कप्प्यांमधली पट्टी सैल झाली, तर तिच्यावर आपटलेल्या चेंडूचा जोर ती शोषून घेते आणि चेंडू उसळून पुढे जाण्याऐवजी तिथेच बसतो. एखाद्या कप्प्याचा तळ झिजला किंवा मऊ पडला, तरी असेच होते. या कारणांचा पुढे उपयोग होतो: सैल पट्टी दोन कप्प्यांच्या मधोमध असते, त्यामुळे खरा कल पुष्कळदा लगतच्या कप्प्यांतही उमटतो. चक्रावर २९च्या शेजारी २८ आणि ३० नसतात, तर १८ आणि ७ असतात. २९बरोबर यांपैकी एखादा आकडाही पुढे असेल, तर संशयाला थोडा आधार मिळतो. २८ किंवा ३० पुढे असण्याला मात्र काही अर्थ नाही.

आता मोजमाप. फेऱ्या ३७०० झाल्या, तर प्रत्येक आकडा सरासरी १०० वेळा अपेक्षित आहे. पण निर्दोष चक्रातही तो नेमका १०० वेळा येत नाही. तो १००च्या अवतीभवती हेलकावे खातो आणि त्या हेलकाव्याचे माप, ज्याला प्रमाण विचलन म्हणतात, इथे जवळजवळ १० भरते. एखादाच आकडा आधी ठरवून पाहिला, तर तो १२१ वेळा येणे बऱ्यापैकी विरळ आहे. परंतु ३७ आकड्यांतला सर्वांत पुढचा आकडा निवडला, तर निर्दोष चक्रातही तो १२१च्या आसपास असतो. म्हणून संशयाची रेघ याहून वर ओढावी लागते. निर्दोष चक्रावर नाहक आरोप होण्याची शक्यता २०त एक एवढीच ठेवायची असेल, तर प्रत्येक आकड्याच्या वाट्याला तिचा ३७वा भाग, म्हणजे ७४०त एक, एवढी शक्यता येते आणि ती रेघ सरासरीच्या वर तीन प्रमाण विचलनांवर पडते. म्हणजे ३७०० फेऱ्यांत एखादा आकडा १३० किंवा त्याहून जास्त वेळा आला, तर त्याकडे गांभीर्याने पाहायचे. त्याखालचे सगळे आकडे तूर्त योगायोगाच्या खात्यात.

रेघ ठरली, तरी किती फेऱ्या टिपायच्या याचे उत्तर त्याने मिळत नाही, कारण ते कल किती मोठा आहे यावर ठरते. समजा, २९ येण्याची खरी शक्यता ३७त एक नसून ३०त एक आहे. हा कल मोठा म्हणायला हवा. आकडा लागल्यावर पैज परत मिळून वर तिच्या ३५ पट रक्कम मिळते, तेव्हा शक्यता ३६त एकच्या पुढे गेली की पारडे खेळणाऱ्याच्या बाजूने फिरते, आणि ३०त एक तर त्याच्याही बरीच पुढे आहे. तरीसुद्धा सुमारे ६००० फेऱ्या टिपल्यावर हा कल रेघ ओलांडण्याची शक्यता जेमतेम निम्मी असते. दहापैकी नऊ वेळा तो पकडला जावा, असे वाटत असेल तर १३००० फेऱ्या लागतात. खरी शक्यता ३३त एक, म्हणजे कल जवळपास निम्मा असेल, तर निम्म्या खात्रीसाठीच २२००० फेऱ्या टिपाव्या लागतात. कल अर्धा झाला की फेऱ्या चौपट लागतात, असा ढोबळ नियम आहे. याचे कारण फेऱ्या चौपट केल्या तर योगायोगाचा हेलकावा दुप्पट होतो, पण कलामुळे वाढलेली संख्या चौपट होते. पहिल्या ३७० फेऱ्यांची वही या हिशेबात किती तोकडी होती, ते इथे दिसते.

असे निकाल तपासण्यासाठी पाठ्यपुस्तकांत काय-वर्ग कसोटी सुचवलेली असते. प्रत्येक आकड्याचा अपेक्षेपासूनचा फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला अपेक्षित संख्येने भागायचे आणि ३७ आकड्यांच्या या उत्तरांची बेरीज करायची. निर्दोष चक्रात ही बेरीज ३६च्या आसपास येते आणि ५१च्या वर गेली तर संशय घ्यायचा. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली मांडलेली ही कसोटी उत्तम आहे, पण एकाच कप्प्यातली खोट शोधण्याच्या कामी ती थोडी मंद ठरते, असे माझे मत आहे. वरच्या उदाहरणात ६००० फेऱ्यांत २९ हा आकडा सरासरी १६२ ऐवजी २०० वेळा येईल. त्यामुळे बेरीज सुमारे ९ने वाढून ४५च्या घरात जाईल, म्हणजे ५१च्या खालीच राहील. एका कप्प्याचा आवाज इतर ३६ कप्प्यांच्या गोंगाटात बुडतो. खोट बऱ्याच कप्प्यांत थोडीथोडी पसरलेली असेल, तेव्हा मात्र एकेका आकड्यावरच्या रेघेपेक्षा हीच कसोटी सरस ठरते.

वही लिहिणाऱ्याकडून होणारी आणखी एक चूक अगदी निरागस दिसते. दर संध्याकाळी बेरीज करून पाहायची आणि ज्या दिवशी एखादा आकडा रेघेपलीकडे गेलेला दिसेल, त्या दिवशी टिपण थांबवून निष्कर्ष जाहीर करायचा. तीन प्रमाण विचलनांची रेघ एकदाच पाहण्यासाठी ओढलेली असते. हेलकावे खाणारी संख्या पुन्हा पुन्हा तपासली, तर निर्दोष चक्रातही ती कधीतरी क्षणभर रेघ ओलांडते, आणि नेमके तेव्हाच थांबल्यास योगायोगालाच पुरावा ठरवल्यासारखे होते. म्हणून किती फेऱ्यांनंतर वही उघडायची, ते टिपायला बसण्यापूर्वीच ठरवलेले असावे.

यावरचा सर्वांत स्वच्छ उपाय म्हणजे निकालांचे दोन भाग करणे: पहिल्या भागातून संशयित निवडायचा आणि दुसऱ्या, न पाहिलेल्या भागावर फक्त त्याचीच परीक्षा घ्यायची. समजा, पहिल्या ३७०० फेऱ्यांत २९ हा आकडा १२६ वेळा आला. १३०ची रेघ त्याने गाठलेली नाही, पण तो संशयित म्हणून निवडण्याइतका नक्कीच पुढे आहे. पुढच्या ३७०० फेऱ्यांत आता स्पर्धक एकच असल्याने रेघही खाली येते. ११७ किंवा त्याहून जास्त वेळा आला, तरी संशय टिकला असे म्हणता येईल. आणि तो येतो १०४ वेळा. इथे मोह होतो तो दोन्ही भागांची बेरीज करून ‘२०० ऐवजी २३०’ म्हणण्याचा. पण त्या २३०मध्ये पहिल्या भागातले १२६ हे निवडीमुळेच फुगलेले आहेत. सर्वांत पुढचा म्हणून निवडलेला आकडा नव्या निकालांत बहुधा मागे सरकतोच. दुसरा भाग एकटाच वाचला तर तो सांगतो, की कल ३०त एक एवढा असण्याचा संभव फार कमी उरला, कारण तसे असते तर १२३च्या आसपास यायला हवे होते. ३३त एक एवढ्या लहान कलाला मात्र तो नाकारू शकत नाही; तसा कल असता तर अपेक्षा ११२ची होती आणि १०४ त्यापासून फार दूर नाही. त्याचा निकाल लावायला २२००० आणि अधिक फेऱ्या हव्यात, ३७०० नव्हेत.

हे सगळे गणित वहीतले निकाल खरे आहेत असे गृहीत धरते. पिअर्सन यांनी १८९०च्या दशकात माँटे कार्लोच्या कॅसिनोतल्या रूलेटचे नियतकालिकात छापून आलेले निकाल तपासले. चक्रावरचे शून्य सोडून बाकीचे आकडे लाल किंवा काळे असतात. या दोन रंगांचे एकूण प्रमाण ठीकठाक होते, पण सलग एकाच रंगाच्या मालिका मोजल्यावर एकेकट्या फेऱ्यांच्या मालिका अपेक्षेपेक्षा खूपच जास्त निघाल्या, म्हणजे रंग वाजवीपेक्षा जास्त वेळा बदलत होता. वार्ताहर चक्राजवळ न जाता आकडे मनाने लिहीत असावेत, असे त्याचे स्पष्टीकरण पुढे दिले जाऊ लागले. माणसाने मनाने लिहिलेल्या यादीत रंग असाच फार लवकर पालटतो, म्हणून ते पटते. दुसऱ्याच्या हातचे निकाल मिळाले, तर आकड्यांची मोजदाद करण्याआधी ही मालिकांची तपासणी करून घेणे शहाणपणाचे आहे.

आणि निकाल खरे असले, तरी ते एकाच तबकडीचे असावे लागतात. तासाला ४० फेऱ्या धरल्या, तर २२००० फेऱ्या टिपायला ५५० तास लागतात, म्हणजे रोज आठ तास बसून जवळजवळ सत्तर दिवस. एवढ्या काळात तबकडी स्वच्छ केली जाते, पट्ट्या घट्ट होतात, एखादे दिवशी शेजारच्या टेबलावरची तबकडी इकडे येते. वहीत तबकडीची ओळख पटवणारी खूण, एखादा ओरखडा किंवा रंगाचा डाग, रोज नोंदवलेला नसेल, तर अर्धी वही एका तबकडीची आणि अर्धी दुसरीची असू शकते. मग पहिल्या तबकडीत खरोखर असलेला कल दुसरीच्या निकालांत विरून जातो, आणि बेरजेतून ते कळायला काहीच मार्ग राहत नाही.